धागा: जुन्या उपासनेच्या चालीवर तरुण संघासाठी नवे शब्द. अक्षरं बरोबर मोजली, तरी गाताना अडतंय

शिवारातली

सलाम मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका खेड्यातली. आमच्या मंडळीच्या तरुण संघात आम्ही सतरा जण आहोत, त्यात अकरा मुली. वाद्यं म्हणजे एक जुनी पेटी, एक ढोलक आणि मी वाजवते तो छोटा कीबोर्ड. हंगाम घरी आला की उपकारस्तुतीची उपासना असते. त्या दिवशी तरुण संघाने स्वतःचं गीत म्हणावं असं पाळकसाहेबांनी सांगितलंय.

चाल आम्ही 'न्यू ब्रिटन' घेतली. इंग्रजीत जगभर कृपेचं गीत म्हणून जी ऐकू येते तीच. दोन कारणं होती. एक तर आमच्या आज्यांनाही ती पाठ आहे. दुसरं म्हणजे मुलांनी उन्हाळी शिबिरात तिच्याखालचा सोपा खर्ज शिकून घेतलाय. तीनच कॉर्ड, मुली वरची चाल म्हणतात, मुलं खालचा सूर धरतात. हा दुसरा आवाज मला कुठल्याही परिस्थितीत मोडायचा नाही, कारण आमच्याकडे सगळे एकाच सुरात गातात आणि दोन आवाज एकत्र ऐकणं या मुलांना पहिल्यांदाच मिळालंय.

चालीच्या ओळी आठ, सहा, आठ, सहा अशा आहेत. मी अक्षरं मोजून हे लिहिलं:

येशू आमचा आधार
देवाचा तो सुत
मनी पेरतो वचन
पीक हे अद्भुत

मोजून बघा, बरोबर आठ-सहा-आठ-सहा आहेत. पण म्हणायला घेतलं की दुसऱ्याच ओळीत गोंधळ होतो. मुली एकीकडे, मुलं दुसरीकडे. आणि पहिल्या सरावाला मागे बसलेल्या एका आजींनी मला विचारलं, "बाई, देवाचं सूत म्हंजे काय वं? कापसाचं?" मला तेव्हा काही सुचलं नाही. नेमकं कुठे चुकतंय?

अभंगवाडी

ताई, तुमची अक्षरं खरंच बरोबर आहेत, मी मोजली. आपल्याकडे ओवी, अभंग सगळं अक्षरांवरच चालतं. छोट्या अभंगात आठ-आठ, मोठ्यात सहा-सहा-सहा-चार. त्यामुळे रचनेत दोष नाही, सराव कमी पडतोय. चार दिवस रोज म्हणा, बसेल. शेवटचं अक्षर पूर्ण उच्चारायचं, 'आधार' नाही, 'आधारऽ'. वारकरी म्हणतात तसं.

निळी वही

मी पण हेच केलं होतं! आमच्या मंडळीत मी इंग्रजी गीताचं मराठी भाषांतर केलं, ओळीला ओळ. सगळ्यात अवघड गेला तो 'कृपा' शब्दाआधीचा विशेषण. तुम्ही मूळ अर्थ सोडून दिलाय असं दिसतंय, तो आणायचा असेल तर माझं भाषांतर पाठवते.

शिवारातली

निळी वही ताई, भाषांतर नकोय. मला चाल तेवढी ठेवायची आहे आणि शब्द पूर्ण आपले, आपल्या शेताचे लिहायचे आहेत. पण आभार.

पेटीमास्तर

शिवारातली, मी मंडळीत पेटी वाजवायला बसलो त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. तुझी अक्षरं बरोबर आहेत आणि गाणं चुकीचं आहे. दोन्ही खरं आहे.

अभंगवाडी म्हणतात ती मोजणी कागदावरची. परदेशी चालीत कागदावरचं अक्षर चालत नाही, तोंड किती वेळा उघडतं ते मोजावं लागतं. तुझी पहिली ओळ नुसती बोलून बघ, गाऊ नको. ये-शू-आम्-चा-आ-धार्. सहा. 'आमचा'तला म आणि 'आधार'चा र आपण बोलताना मागच्या अक्षराला चिकटवतो. दुसरी ओळ: दे-वा-चा-तो-सुत्. पाच. तिसरी: म-नी-पेर्-तो-व-चन्. सहा. चौथी: पीक्-हे-अद्-भुत्. चार. चालीला अठ्ठावीस ठोके हवेत, तू एकवीस दिलेस.

आता उरलेले सात ठोके कोण भरतं? प्रत्येक जण आपापल्या मनाने. म्हातारी मंडळी भजनाच्या सवयीने 'आधारऽ' म्हणतात. कॉलेजातली पोरं 'धार्' म्हणून तोंड मिटतात आणि त्याआधीचा 'आ' ओढतात. म्हणजे एकाच क्षणी अर्धे लोक एका सुरावर आणि अर्धे पुढच्या सुरावर. खालचा सूर धरणाऱ्या मुलांनी मग कोणाकडे बघून सूर बदलायचा? तुझा दुसरा आवाज मोडतोय तो याच्यामुळे. त्या मुलांचा काही दोष नाही.

आणि 'शेवटचं अक्षर पूर्ण उच्चारा' हा उपाय अभंगाला शोभतो, कारण तिथे चाल शब्दाच्या मागे जाते. इथे चाल आधीच ठरलेली आहे.

अभंगवाडी

म्हणजे अक्षरवृत्त इथे चालतच नाही असं म्हणायचंय का? हे मला पटत नाही.

पेटीमास्तर

चालतं, पण मोजून झालं म्हणजे संपलं असं नाही. पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, ती जरा सावकाश सांगतो.

ही चाल तीन-तीन मात्रांची आहे, म्हणजे ढोलकवाल्याला दादरा. धा धी ना, धा ती ना. पण ती समेवर सुरू होत नाही. पहिला सूर खालचा प, तो एका मात्रेचा, आणि तो समेच्या आधी येतो. सम येते दुसऱ्या अक्षरावर, मधल्या सा वर. म्हणजे पहिली ओळ अशी:

प | सा – (गसा) | ग – रे | सा – ध | प –

पहिला प, आणि शेवटचे ध, प हे खालच्या सप्तकातले. प्रत्येक उभ्या रेषेनंतरचा सूर दोन मात्रांचा, त्यानंतरचा एका मात्रेचा. म्हणजे अक्षरं हलकं-जड, हलकं-जड अशी चालतात. आता तुझी ओळ यावर ठेव. 'ये' समेच्या आधी, चोरट्यासारखा. 'शू' समेवर, दोन मात्रा. कानाला ऐकू येतं 'ये-शूऽऽ'. आपण हाक मारताना जोर 'ये'वर देतो. म्हणून म्हणणाऱ्याला पहिल्याच शब्दाला अडखळल्यासारखं होतं.

मराठीत हलकं-जड असे शब्द ढिगाने आहेत. प्रभू, कृपा, दया, सदा, तुझी, नवा, घरी, मला, उभा, दिवा. पहिलं ऱ्हस्व, दुसरं दीर्घ. ज्यांनी शाळेत वृत्तं शिकली असतील त्यांना आठवेल, लघु-गुरू लघु-गुरू असं चारदा आलं की ते प्रमाणिका वृत्त. आठ अक्षरांच्या ओळीला ते हुबेहूब बसतं. अभंगवाडी, तुमचं अक्षरवृत्त गेलं ते इथे परत येतं, फक्त ओवीचं नाही, गणवृत्ताचं.

नमुना म्हणून दोनच ओळी देतो:

प्रभू तुझ्या दयेमुळे
भिजे उभी धरा

टेबलावर दादरा वाजवत बोलून बघ. प्र-भू-तु-झ्या-द-ये-मु-ळे. प्रत्येक दीर्घ अक्षर आपोआप ठोक्यावर पडतं. कोणाला काही शिकवावं लागत नाही.

वऱ्हाडी पोट्टा

मास्तर लय भारी सांगतलं. पण 'धरा' काहून? आमच्या इकडं कोणी धरा म्हणते का? पुस्तकातला शब्द हाय तो. 'धुरा' करा ना जी! 'भिजे उभा धुरा'. पाऊस आला का पयले धुराच भिजते, मंग वावर. अन् माप बी तेच हाय.

पेटीमास्तर

वा! हे मला सुचलं नसतं. माझं शिक्षण पुण्याकडचं. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध, हे इतर जिल्ह्यांतल्या वाचकांसाठी. भि-जे-उ-भा-धु-रा, तंतोतंत. माझा 'धरा' मागे घेतो.

शिवारातली

काका, मी काल रात्री बसून खालच्या दोन ओळी जोडल्या. आता पहिलं कडवं असं झालंय:

प्रभू तुझ्या दयेमुळे
भिजे उभा धुरा
नवी पिढी तुझ्या घरी
फुलो जसा तुरा

तुरा म्हणजे मक्याला येतो तो. आमच्याकडे यंदा सोयाबीनऐवजी बऱ्याच जणांनी मका लावला. बोलून पाहिलं, ठोक्यावर बसतंय. पण एक शंका आहे. पहिल्या ओळीत तिसऱ्या अक्षराला तुम्ही कंसात दोन सूर दिलेत, गसा. तिथे दोन अक्षरं घातली तर चालतील का? मला एका ठिकाणी एक अक्षर जास्त होतंय.

पेटीमास्तर

चालेल, आणि पहिली, दुसरी, चौथी या तिन्ही ओळींत ती एकच जागा आहे जिथे चालेल. तिथे एका मात्रेत दोन सूर आधीच आहेत, त्यामुळे दुसरं अक्षर आलं तरी नवा सूर तयार होत नाही. 'प्रभू तुझिया दयेमुळे' असं म्हटलंस तर 'तु' ग वर आणि 'झि' सा वर जाईल, 'या' पुढच्या ठोक्यावर. जुन्या कवितेची गोडी पण येते. मात्र दुसऱ्या कुठे जादा अक्षर घुसवलंस तर दोन मात्रांचा सूर फोडावा लागेल. एकदा सूर फुटला की प्रत्येक जण तो वेगळ्या जागी फोडतो.

तिसरा सूर

मी नागपूरला चार आवाजांच्या गायनसंघात खालचा आवाज गाते, म्हणजे गायचे. आता घशामुळे बंद आहे. खालच्या आवाजाविषयी कोणी बोललं नाही म्हणून लिहिते, कारण ताईंची खरी काळजी तीच आहे.

या चालीत म आणि नी नाहीत. सा रे ग प ध एवढेच. म्हणून ती आपल्या कानाला भूपाची ओळखीची वाटते आणि खेड्यातही पटकन बसते. पण खालचा आवाज जेव्हा म वर जातो तेव्हा चालीत नसलेला सूर पहिल्यांदा ऐकू येतो. सगळी गोडी तिथे आहे. तो म जर वेळेवर आला नाही तर दोन आवाज असून नसल्यासारखे.

तुमच्या नव्या शब्दांवर खालचा आवाज कुठे बदलतो ते मी लिहून देते. मुलांना कॉर्डची नावं सांगू नका, अक्षरं सांगा. त्यांनी नेमक्या या अक्षरांवर सूर धरायचा आणि पुढचं अक्षर येईपर्यंत सोडायचा नाही:

भू – सा, झ्या – सा, ये – म, ळे – सा
जे – सा, भा – सा, रा – प
वी – सा, ढी – सा, झ्या – म, री – सा
लो – सा, सा – सा, तु – प, रा – सा

(चौथ्या ओळीतलं 'सा' म्हणजे 'जसा'तलं अक्षर. सूरही सा च आहे, योगायोगाने.)

पहिल्या तिन्ही ओळींत बदल ठोक्यावर होतो. शेवटच्या ओळीत मात्र प हा 'तु'वर, म्हणजे तिसऱ्या मात्रेवर येतो आणि लगेच पुढच्या ठोक्याला सा. ही एकच जागा घाईची आहे. मुलं तिथे हमखास उशीर करतात आणि 'रा' वर पोचूनही प धरून बसतात. ऐकून कसं कळेल? शेवट झाल्यावर शांत न वाटता 'अजून काहीतरी राहिलंय' असं वाटलं की समजा प सुटलेला नाही. तेवढ्या दोन अक्षरांचा वेगळा सराव घ्या, 'तु-रा, तु-रा' असा दहा वेळा.

शिवारातली

ताई, हे मी वहीत उतरवून घेतलं. आमच्या मुलांना अशीच भाषा कळते. एक विचारू? पेटीवर आमचे एक काका नेहमी अंगठ्याने प दाबून ठेवतात, पूर्ण गीतभर. त्यांना सांगायला मला अवघड वाटतं. त्याने काही बिघडतं का?

पेटीमास्तर

भजनात ती चांगली सवय आहे, इथे नाही. मुलं 'ये'वर म ला गेली की म आणि प शेजारी-शेजारी एकत्र वाजतात आणि कानात खरखर होते. काकांना म्हण, "काका, प ऐवजी सा धरा." सा हा म च्या कॉर्डमध्येही असतो, त्यामुळे तिथे बिघडत नाही. दुसऱ्या ओळीच्या शेवटी 'रा'वर प येतो तिथे मात्र सा सोडून द्यावा लागेल. एवढं त्यांना जमेल. नाही जमलं तर नुसती चाल वाजवू देत, खालचा सूर तुझ्या कीबोर्डवर.

आणि पट्टी कुठली घेतलीस?

शिवारातली

पांढरी पाच.

पेटीमास्तर

एक पायरी खाली ये, पांढरी चार घे. ही चाल खालच्या प पासून वरच्या प पर्यंत, पूर्ण सप्तकभर फिरते. पांढरी पाचला मुलींना वरचा प थोडा ओढून घ्यावा लागतो, आणि तो दुसऱ्या ओळीच्या शेवटी पाच मात्रा धरायचा आहे. पांढरी चारला तो मोकळा येईल आणि खालचा प सुद्धा हरवणार नाही.

वऱ्हाडी पोट्टा

माह्यावालं एक म्हणणं हाय. दादऱ्यात पोट्टे झोपतेत. केरवा घ्या, ढोलक जोरात, टाळ्या. आमच्या युवक संघात आमी याच चालीले केरव्यात म्हणतो, सगळे उभे राहून. काय मजा येते!

तिसरा सूर

दादा, चारच्या ठेक्यात ही चाल बरेच लोक म्हणतात, ते चूक नाही. पण मग जड सुराला दोनऐवजी तीन मात्रा द्याव्या लागतात. खालचा आवाज अजून नवा आहे तोवर मुलांना तेवढा वेळ एकच सूर धरून उभं राहणं जड जातं, ते डगमगतात आणि वरच्या चालीत मिसळून जातात.

वऱ्हाडी पोट्टा

आमच्या इकडं खालचा आवाजच नाई ना ताई. समदे एकाच सुरात. म्हणून चालते असन.

मुक्तछंद

मला मूळ प्रश्नाविषयीच बोलायचंय. ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) आयुष्यभर भजनं आणि अभंग लिहिले ते याचसाठी, की मराठी ख्रिस्ती माणसाने आपल्या चालीत गावं. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांच्या हाती नवा करार पडला, तो आपल्या विदर्भातूनच निघालेल्या प्रवासात. आणि आज आपण सव्वाशे वर्षांनंतर परत अमेरिकेतल्या चालीवर शब्द बसवतोय. ओवीत लिहा ना. जात्यावरची चाल घ्या. हे अक्षरं जुळवण्याचे कष्टच पडणार नाहीत.

शिवारातली

मुक्तछंद दादा, टिळकांची भजनं आम्ही दर आठवड्याला म्हणतो आणि ती मला प्रिय आहेत. पण भजनात आम्ही सगळे एक सूर म्हणतो. मला या मुलांना एकदा तरी दोन सूर एकत्र धरायला लावायचे आहेत. आमच्यातला एक मुलगा, ज्याला सगळे 'बेसूर' म्हणायचे, तो खालचा सा धरून उभा राहतो आणि हलत नाही. त्याला वरची चाल कधीच आली नसती. या चालीत त्याला जागा मिळालीय. ओवीत ती जागा मी कशी काढू, हे मला माहीत नाही.

मुक्तछंद

हे मान्य. पण ओवीखालीही सा धरून उभं राहता येतंच. विचार करा.

निळी वही

एक प्रश्न. अशा चालीवर शब्द लिहून छापले तर कोणाची परवानगी लागते का? मला एकदा एका छापखान्यात यावरून परत पाठवलं होतं.

पेटीमास्तर

ही चाल पहिल्यांदा छापली गेली १८२९ मध्ये, आणि आजच्या प्रसिद्ध इंग्रजी शब्दांशी तिची जोडी जमली १८३५ मध्ये. शब्द त्याहून जुने, १७७९ चे. म्हणजे ते शब्दही पन्नासेक वर्षांनी दुसऱ्याच चालीवर येऊन बसले. त्यामुळे चाल सगळ्यांची आहे. पण कोणी अलीकडे केलेली खास वाद्यरचना किंवा मराठी भाषांतर उचललं तर तो वेगळा मामला. आपल्या कायद्यात हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. शिवारातलीचे शब्द तिचे, खालचा सूर साधा, तिला कोणाला विचारायची गरज नाही.

शिवारातली

परवा दुसरं कडवं लिहिलं. आमच्यातले पाच जण पुढच्या वर्षी पुण्याला कंपनीत जाणार आहेत, म्हणून:

कुणी निघे पुण्याकडे
कुणी उरे घरी
तुझी कृपा सदा असो
दिव्यापरी उरी

मुलांना हे पहिल्यापेक्षा जास्त आवडलं. पण पाळकसाहेबांनी ऐकल्यावर थांबवलं. ते म्हणाले, "कुणी निघे पुण्याकडे म्हणजे कोणी पुण्य कमवायला निघाला आणि कोणी घरी राहिला, असं ऐकू येतं. आपण कृपेने तरतो, पुण्याने नाही." मी म्हटलं साहेब, शहर आहे ते. ते म्हणाले, "तुला माहीत आहे, ऐकणाऱ्याला नाही."

अभंगवाडी

पण बोलताना फरक आहे की! शहराच्या 'पुण्याकडे'मध्ये पु हलका आहे. पुण्य असेल तर 'पुण्ण्याकडे' असा दाब येतो. आणि या चालीत तो पु हलक्या जागी, एकाच मात्रेचा आहे. म्हणजे शहरच ऐकू येणार. मास्तरांच्याच नियमाने सांगतोय.

पेटीमास्तर

अभंगवाडी, हे तुम्ही नेमकं पकडलंत. नियमाने शहरच. पण सतरा जण दोन आवाजांत, ढोलकासकट म्हणताना हा बारीक दाब मागच्या बाकापर्यंत पोचेल का, याची खात्री मी देऊ शकत नाही. पर्याय हवा असेल तर 'कुणी निघे दुरी कुठे'. माप तेच.

शिवारातली

'दुरी कुठे' चांगलं आहे काका, पण ते पाच जण पुणे म्हणायला हट्ट धरून बसलेत. त्यांना त्यांच्या गावच्या गीतात त्या शहराचं नाव हवंय.

आणि ते 'सुत'चं मला अजून विचारायचं राहिलं. आजींना सूत का ऐकू आलं?

पेटीमास्तर

कारण 'सुत्' हा दुसऱ्या ओळीच्या शेवटी आला, जिथे सूर पाच मात्रा धरायचा असतो. ऱ्हस्व सु ओढला की सू होतो. पुत्र गेला, धागा आला. 'दिन' ओढला की 'दीन' होतो, हेही तसंच. लांब सुरावर मुळातच दीर्घ असलेलं, तोंड उघडं राहणारं अक्षर ठेवायचं. 'धुरा'चा रा म्हणूनच छान बसला.

अभंगवाडी

इथे मात्र मी अडतो. मराठी माणूस 'दिन' साधं बोलतानाही 'दीन'सारखंच बोलतो, शेवटून दुसरं अक्षर आपण लांबवतोच. मग दोष चालीचा कसा? ऐकणारा संदर्भाने ओळखतो.

पेटीमास्तर

बोलताना संदर्भ असतो, ते बरोबर. गाण्यात पाच मात्रा तो एकच शब्द हवेत असतो आणि संदर्भ मागे पडतो. आजींनी विचारलं ना? त्या कापसाच्या गावातल्या आहेत, त्यांना सूतच जवळचं.

तिसरा सूर

मला दुसऱ्या कडव्यात वेगळीच अडचण दिसते. 'कुणी उरे घरी' ची 'री' वरच्या प वर पाच मात्रा. दीर्घ आहे, नियमात बसते. पण त्या उंचीला ई म्हणताना तोंड मिटतं, आवाज चिमटल्यासारखा होतो आणि सूर वर सरकतो. खाली मुलं प धरून असतात, त्यामुळे तो फरक लगेच बोचतो. शक्य असेल तर तिथे आ किंवा ए आणा.

शिवारातली

ताई, काल सरावाला मुद्दाम ऐकलं. मोबाइल मुलांच्या बाजूला ठेवून रेकॉर्ड केलं. तुम्ही म्हणता तसंच झालंय, 'धुरा'ला मोकळा आवाज येतो आणि 'घरी'ला तीन मुली चढतात. पण 'घरी' शब्द सोडायला मन होत नाही. 'घरा' केलं तर 'उरे घरा' मराठी राहत नाही.

बाकी बातमी चांगली आहे. पहिलं कडवं पूर्ण बसलं. आज्यांना न शिकवता त्या दुसऱ्या वेळेला आमच्याबरोबर म्हणायला लागल्या. पेटीवाल्या काकांनी प सोडला. 'ये'वर मुलांचा म आला तेव्हा मागे पाळकसाहेबांनी मान वर करून बघितलं. 'तुरा'चा प मात्र चारपैकी दोन वेळा अजून उशिरा सुटतो.

तिसरा सूर

मुलींना 'री' म्हणताना जबडा 'रे'इतका उघडा ठेवायला सांगून बघा, जीभ तेवढी ई ला न्यायची. चढलेला सूर बराच खाली येतो. दोन सरावांनंतरही चढत असतील तर तिथे मुलांचा प काढून सगळ्यांना एकाच सुरावर आणा, निदान बोचणार नाही.

वऱ्हाडी पोट्टा

ताई, 'कुणी उरे घरी' च्या जागी 'कुणी इथे बरा' कसं वाटते? म्हणजे इथंच बरा हाय तो. रा बी आला, तोंड बी उघडं. चौथ्या ओळीचं यमक मात्र तुमाले बदलाव लागन.

शिवारातली

दादा, हे वाचून मी आत्ता कीबोर्डवर म्हणून पाहिलं. 'बरा' वरच्या प वर खूप छान लागतोय. चौथी ओळ शोधते. रविवारी दोन्ही म्हणून बघू आणि मुलं ठरवतील.